अभिलेखागारासाठी स्टीम ह्युमिडिफायर : आर्द्रतेचा भार कसा काढावा आणि यंत्र कसे निवडावे

ठाणे किंवा नवी मुंबईत दप्तरखान्यासाठी ह्युमिडिफायर मागवायचा म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : जिथे जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते तिथे हवेत आणखी पाणी कशासाठी घालायचे? प्रश्न रास्त आहे. पावसाळ्यात बाहेरच्या एक किलो हवेत वीस ग्रॅमच्या आसपास बाष्प असते आणि तेव्हा सगळा लढा पाणी बाहेर काढण्याचाच असतो. मात्र डिसेंबर ते मार्चमध्ये पूर्वेकडून जमिनीवरचा वारा सुटतो, तेव्हा दुपारची हवा चांगलीच कोरडी होते. त्यातच पावसाळ्याच्या हिशेबाने बसवलेली वातानुकूलन यंत्रणा याच महिन्यांतही खोलीतले पाणी काढतच राहते. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की सापेक्ष आर्द्रता पस्तिशीच्या खाली घसरते, कातडी बांधणी आखडते, नकाशांच्या कडा वळतात आणि छायाचित्रांवरचा जिलेटिनचा थर ताणला जातो.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत नेले आहे : महापे येथील एका इमारतीतील कागदपत्रे, नकाशे आणि छायाचित्रांचा साठा, जिथे वर्षभर २० अंश सेल्सियस आणि ४५ टक्के सापेक्ष आर्द्रता राखायची आहे आणि आर्द्रतेत ३ टक्क्यांहून अधिक चढउतार चालणार नाही. खोली २० मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि ३.५ मीटर उंच, म्हणजे ८४० घनमीटर. हे उदाहरण हिशेबासाठी घेतलेले आहे, पण आकडे अशा आकाराच्या साठ्याला शोभतील असेच आहेत.

आधी एक गोष्ट मागणी करणाऱ्या संस्थेला विचारून घ्यावी. वातानुकूलन अभियंत्यांच्या ॲशरे या अमेरिकी संस्थेच्या हस्तपुस्तिकेतील संग्रहांसाठीचा सर्वांत कडक, म्हणजे ‘एए’ वर्गही अल्पकाळासाठी ५ टक्क्यांचा चढउतार मान्य करतो. निविदेत ३ टक्के लिहिले असतील तर त्यामागे विशिष्ट संग्रहाची गरज आहे की कोणी जुन्या निविदेतून आकडा उचलला आहे, हे लेखी विचारावे. ३ टक्के साध्य करता येतात, पण त्याची किंमत सेन्सर, नियंत्रण आणि देखभाल या तिन्हींत मोजावी लागते.

टक्के सोडा, ग्रॅममध्ये मोजा

सापेक्ष आर्द्रतेच्या टक्क्यांवर भार काढता येत नाही, कारण तोच टक्का वेगळ्या तापमानाला वेगळे पाणी दाखवतो. म्हणून प्रथम आपली अवस्था एक किलो कोरड्या हवेमागे किती ग्रॅम बाष्प, अशा भाषेत मांडावी. २० अंशांना हवेतील संपृक्त बाष्पदाब २.३४ किलोपास्कल असतो. त्याचे ४५ टक्के म्हणजे १.०५ किलोपास्कल. समुद्रसपाटीच्या दाबाला याचे गणित असे :

```
w = 622 × p / (101.3 − p)
  = 622 × 1.05 / 100.25
  ≈ 6.5 g/kg
```

या हवेचा दवबिंदू सुमारे ७.७ अंश येतो. हा आकडा कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा, कारण पुढचा सगळा निर्णय त्याच्याभोवती फिरणार आहे.

याच सूत्राने आणखी दोन गोष्टी काढाव्यात. २० अंशांना सापेक्ष आर्द्रतेचा एक टक्का म्हणजे एक किलो हवेमागे ०.१४६ ग्रॅम. खोलीतील ८४० घनमीटर हवेचे वजन साधारण १००० किलो. म्हणजे संपूर्ण खोलीची आर्द्रता एका टक्क्याने वाढवायला अवघे दीडशे ग्रॅम पाणी पुरते. एका पेल्यापेक्षाही कमी पाण्यात सेन्सरवरचा आकडा हलतो, हे ज्याने एकदा स्वतः मोजून पाहिले त्याच्या मनात मोठ्या यंत्राचा मोह राहत नाही.

दुसरी गोष्ट तापमानाची. पाणी एक थेंबही न बदलता खोली २० वरून २१ अंशांवर गेली तर सापेक्ष आर्द्रता ४५ वरून ४२.३ टक्क्यांवर येते. परवानगी खाली ४२ पर्यंतच आहे. तापमान एका अंशाने डोलू दिले तर आर्द्रतेसाठी जवळजवळ काहीच शिल्लक राहत नाही. म्हणून ३ टक्क्यांची हमी देण्याआधी तापमान अर्ध्या अंशात राहते का, हे निदान आठवडाभराच्या नोंदींवरून तपासावे. ते राहत नसेल तर कोणताही ह्युमिडिफायर ते काम करू शकणार नाही आणि तसे स्पष्ट सांगणे हे सल्लागाराचे कर्तव्य आहे.

बाहेरच्या हवेचा भार

आता बाहेरच्या हवेकडे. आपल्या भागात गोंधळ इथे होतो. मुंबईत हवामान खात्याच्या कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन वेधशाळा आहेत. कुलाबा समुद्रात घुसलेल्या टोकावर आहे. तिथल्या नोंदींवरून महापे किंवा घोडबंदर रस्त्यावरच्या इमारतीचा कोरडेपणा ठरवला तर भार कमी निघतो. सांताक्रूझच्या तासागणिक नोंदी घ्याव्यात आणि त्यातील सापेक्ष आर्द्रता नव्हे, तर दवबिंदूचा स्तंभ पाहावा.

असे का, ते एका उदाहरणातून स्पष्ट होईल. जानेवारीतील दुपारी बाहेर ३२ अंश आणि २२ टक्के असे असेल तर ही हवा अंगाला कोरडी वाटते, ओठ फुटतात. परंतु तिच्यातील बाष्प काढले तर ६.५ ग्रॅम येते, म्हणजे अगदी आपल्या खोलीइतकेच. ती हवा आत घेऊन २० अंशांपर्यंत थंड केली, आणि थंड करताना पाणी काढले नाही, तर ती आपोआप ४५ टक्क्यांवर येते. त्या दुपारी बाहेरच्या हवेमुळे भार शून्य असतो.

भार येतो तो याहून कोरड्या तासांत. आपल्या उदाहरणासाठी ३४ अंश आणि १५ टक्के ही कडक अवस्था धरू. तिच्यात ४.९ ग्रॅम बाष्प आहे, म्हणजे दर किलोमागे १.६ ग्रॅम तूट. खोलीत हलका धन दाब राहावा म्हणून तासाला २५० घनमीटर, म्हणजे ३०० किलो ताजी हवा आत येते. दार उघडझाप आणि फटी यांसाठी आणखी १०० किलो धरले. तर :

```
400 kg/h × 1.6 g/kg = 640 g/h
```

तासाला ६४० ग्रॅम. तेही वर्षातल्या मोजक्या कोरड्या तासांसाठी. बाकीच्या बहुतेक हिवाळ्यात हा आकडा शून्य ते तीनशेच्या दरम्यान फिरेल. ताजी हवा गरजेपेक्षा जास्त घेण्याची सवय असेल तर ती इथेच आवरावी. साठवणीच्या खोलीत माणसे दिवसभर बसत नाहीत, आणि वाचनकक्ष हवा थंड करून फिरवणाऱ्या त्याच यंत्रावर, म्हणजे एएचयूवर, जोडलेला असेल तर तो वेगळा काढणे हा सर्वांत चांगला उपाय.

कागद स्वतः किती पाणी मागतो

पन्नास टन कागदात तीन टनांच्या आसपास पाणी मुरलेले असते. हवेत मात्र सगळे मिळून साडेसहा किलो. कागद स्थिर झाला की तोच खोलीला सांभाळतो, त्यामुळे त्याचा भार नेहमीच्या दिवशी धरायचा नसतो. अपवाद नव्या आवकेचा. कोरड्या कार्यालयात वर्षानुवर्षे पडलेली दहा टन दप्तरे ३५ टक्क्यांच्या हवेतून ४५ टक्क्यांत आली तर साधारण एक टक्का वजनाइतके, म्हणजे शंभर किलो पाणी शोषतात. हे शोषण तीन आठवड्यांवर पसरवले तर तासाला २०० ग्रॅम होतात. आपल्या हिशेबात हे २०० ग्रॅम धरू आणि संस्थेला सांगू की याहून मोठी आवक टप्प्याटप्प्याने आणावी. माणसांच्या श्वासातून आणि घामातून येणारे बाष्प वजा करण्याचा मोह टाळावा, कारण रात्री आणि सुट्टीच्या दिवशी ते नसते.

आतापर्यंतची बेरीज ८४० ग्रॅम. अनेक हिशेब इथेच थांबतात, आणि मग प्रत्यक्षात यंत्र अपुरे पडल्याची तक्रार येते. याचे कारण कॉइल.

खरा भार : थंड कॉइल जे पाणी काढते

हवा फिरवणारा एएचयू खोलीची हवा तासाला सहा वेळा फिरवतो, म्हणजे सुमारे ६००० किलो हवा दर तासाला कॉइलवरून जाते. पावसाळ्यात ७.७ अंशांचा दवबिंदू गाठायचा म्हणून कॉइलचा पृष्ठभाग ५ अंशांच्या आसपास ठेवलेला असतो. ५ अंशांच्या संपृक्त हवेत ५.४ ग्रॅम बाष्प मावते. कॉइलला न शिवता निसटणारी हवा पंधरा टक्के धरली तर बाहेर पडणारी हवा ७.२५ अंश आणि ५.५७ ग्रॅमवर येते. म्हणजे खोलीच्या ६.५३ ग्रॅमपैकी ०.९६ ग्रॅम प्रत्येक किलोमागे ड्रेन ट्रेमध्ये गेले :

```
6000 kg/h × 0.96 g/kg ≈ 5.8 kg/h
```

बाहेरच्या कोरड्या हवेचा भार ०.६४ किलो आणि कॉइलचा ५.८ किलो. जवळजवळ नऊपट. हा भार हवामानाचा नसून आपल्याच यंत्रणेचा आहे.

अर्थात कॉइल पूर्ण वेळ पूर्ण क्षमतेने चालली तरच ५.८ किलो. या अवस्थेत ती केवळ हवेचे तापमान उतरवण्यातच २१ किलोवॉटची उष्णता ओढते, पण जानेवारीत आपल्या खोलीची खरी गरज भिंती, छत, दिवे आणि पंख्याची मोटर मिळून ८ किलोवॉटच आहे. मग दोन गोष्टी घडू शकतात. कॉम्प्रेसर चालू-बंद होत असेल तर तो साधारण ३८ टक्के वेळ चालतो आणि सरासरी २.२ किलो पाणी काढतो. पंखा चालूच राहिला तर बंद काळात कॉइलच्या ओल्या पृष्ठभागावरचे थोडे पाणी पुन्हा हवेत मिसळते, त्यामुळे हा आकडा वरची मर्यादा समजावा. किंवा पावसाळ्यातली रीहीटची, म्हणजे थंड केलेली हवा पुन्हा तापवण्याची, सोय कोणी बंदच केली नसेल, तर कॉइल पूर्ण चालत राहते, तिचा जास्तीचा १३ किलोवॉट थंडावा हीटरने परत तापवला जातो आणि पूर्ण ५.८ किलो ड्रेनमध्ये जाते.

तिन्ही अवस्थांची बेरीज अशी. रीहीट चालू राहिली तर ६.६ किलो, आणि वर मार्जिन धरून आठ किलोचे यंत्र. कॉम्प्रेसर चालू-बंद होत असेल तर ३ किलो, म्हणजे चार किलोचे यंत्र. कॉइल कोरडी ठेवली तर ०.८४ किलो, वर वीस टक्के धरून एक किलो.

कॉइल कोरडी ठेवता येते का? येते, आणि फार अवघडही नाही. ८ किलोवॉट उष्णता ६००० किलो हवेतून ओढायला हवेचे तापमान फक्त ४.८ अंशांनी उतरवावे लागते, म्हणजे पुरवठ्याची हवा १५.२ अंशांवर. त्यासाठी कॉइलचा पृष्ठभाग १४.४ अंशांवर असला तरी पुरते. तो दवबिंदूच्या ७.७ अंशांपासून खूप वर आहे, म्हणून एक थेंबही धरत नाही. कॉम्प्रेसर इन्व्हर्टरचा असून ४० टक्क्यांपर्यंत खाली येत असेल तर हे आपोआप साधते. चिल्ड वॉटर असेल तर कोरड्या मोसमात पाण्याचे तापमान १० ते ११ अंशांवर चढवावे. फक्त झडप मिटवून भागत नाही, कारण ६ अंशांचे थोडे पाणी आले तरी कॉइलच्या पहिल्या रांगा दवबिंदूखाली जातात आणि तिथे पाणी धरते. जुना, एकाच वेगाचा कॉम्प्रेसर असेल तर मी संस्थेला आधी तो बदलण्याचा किंवा दोन लहान सर्किटमध्ये विभागण्याचा सल्ला देईन आणि मगच ह्युमिडिफायरचा आकार ठरवीन.

बादलीची तपासणी

हा भार तपासायची रीत साधी आहे आणि कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा विश्वासार्ह आहे. जानेवारीतील कोरड्या दुपारी एएचयूच्या ड्रेन पाइपचे तोंड सोडवून त्याखाली खुणा केलेली बादली ठेवावी आणि दोन तासांनी पाणी मोजावे. पाणी जितके लिटर तितके किलो. त्याला दोनाने भागले की कॉइल तासाला किती पाणी काढते ते कळते. ट्रॅपमध्ये आधीचे पाणी साठलेले असते, म्हणून पहिल्या पंधरा मिनिटांचे पाणी धरू नये. जिथे ह्युमिडिफायर आधीच बसवलेला आहे तिथे दुसरी खूण अशी की यंत्राचा पाणीमीटर फिरत असताना ड्रेनमधूनही पाणी टपकत असते. एक यंत्र वाफ घालते आणि दुसरे तीच काढते, आणि दोघांचेही वीजबिल संस्था भरते. तीन किलो पाण्याची वाफ करायला सव्वादोन किलोवॉट लागतात, कारण एका किलोला साधारण ०.७५ किलोवॉट-तास खर्च होतात.

मोठे यंत्र का नको

‘असू द्या थोडे मोठे, काय बिघडते’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. आठ किलोचे यंत्र पूर्ण चालले तर मिनिटाला १३३ ग्रॅम वाफ सोडते, म्हणजे सव्वा मिनिटाच्या आतच खोलीत एक टक्का वाढतो. सेन्सरपर्यंत ती हवा पोहोचून त्याचा आकडा हलायला याहून जास्त वेळ लागतो. तोपर्यंत जास्तीची वाफ सुटलेली असते, मग यंत्र बंद होते, आर्द्रता उतरते आणि पुन्हा तेच. अशा यंत्राचे किमान उत्पादन वीस टक्के असेल तर ते १.६ किलोच्या खाली जाऊच शकत नाही, आणि आपली सर्वांत मोठी गरज ०.८४ किलो आहे. नोंदीच्या आलेखावर हे करवतीच्या दातांसारखे उमटते आणि दात ३ टक्क्यांची रेषा ओलांडतात.

म्हणून निवड करताना कमाल उत्पादनाच्या आधी किमान उत्पादन पाहावे. आपल्या खोलीला हिवाळ्यातल्या बहुतेक तासांत २०० ग्रॅमही पुरतात. दोन किलोचे यंत्र दहा टक्क्यांपर्यंत स्थिर उतरत असेल तर २०० ग्रॅमवर अखंड चालेल. माझ्या मते अशा साठ्यासाठी चार किलोच्या एका यंत्रापेक्षा दोन किलोची दोन यंत्रे नेहमी बरी : एक कामावर, दुसरे राखीव, आणि दर महिन्याला आलटून पालटून. एकाचा सिलिंडर साफ करताना साठा उघडा पडत नाही.

कोणत्या प्रकारचे यंत्र

अल्ट्रासॉनिक किंवा फवारा मारणारी यंत्रे इथे विचारात घेऊ नयेत. पाण्यातले क्षार हवेत पांढऱ्या धुळीच्या रूपात उडतात आणि कागदावर बसतात, आणि हवा थंड होऊन तापमानाचे गणितही बिघडते. वाफेचा फायदा हाच की क्षार टाकीत राहतात आणि हवेचे तापमान जवळजवळ बदलत नाही.

औद्योगिक वसाहतीतील इमारत असेल तर शेजारच्या बॉयलरची वाफ थेट डक्टमध्ये सोडण्याची सूचना हमखास येते. ती ठामपणे नाकारावी. बॉयलरच्या पाण्यात पाइप गंजू नये म्हणून अमाइन वर्गाची रसायने, जसे मॉर्फोलिन किंवा डायइथिलअमिनोइथेनॉल, घातलेली असू शकतात. ती वाफेबरोबर उडतात आणि संग्रहावर चिकट थर धरतात. एकदा बसलेला थर हजारो कागदांवरून काढणे शक्य नसते. बॉयलर वापरायचाच तर त्याच्या उष्णतेने वेगळ्या टाकीतले स्वच्छ पाणी उकळणारे यंत्र घ्यावे.

मग उरतात इलेक्ट्रोडचे आणि हीटिंग एलिमेंटचे यंत्र. इलेक्ट्रोडच्या यंत्रात वीज पाण्यातूनच वाहते, म्हणून पाण्याची विद्युतवाहकता उत्पादन ठरवते. नवी मुंबईत महापालिकेचे पाणी मोरबे धरणाचे, तर एमआयडीसीचे पाणी बारवी धरणाचे. त्यात टंचाईच्या दिवसांत टँकर किंवा बोअरवेलचे पाणी टाकीत मिसळते, आणि त्याच यंत्राचे वागणे एका रात्रीत बदलते. वाहकता कमी पडली की सिलिंडर भरूनही वाफ कमी येते. जास्त झाली की करंट उसळतो, यंत्र वारंवार पाणी सोडून देते आणि प्रत्येक वेळी वाफेचा प्रवाह काही मिनिटे खंडित होतो. ५ टक्के चालणार असतील तर हे यंत्र स्वस्त आणि पुरेसे आहे. ३ टक्क्यांसाठी मी ते सुचवणार नाही.

एलिमेंटच्या यंत्रात तापणारी कांडी पाण्यात बुडालेली असते, त्यामुळे पाण्याच्या वाहकतेशी तिचा संबंध नाही आणि सॉलिड स्टेट रिलेने तिची ताकद बारीक बारीक टप्प्यांनी कमीजास्त करता येते. तिला आरओचे पाणी द्यावे. तेच पाणी इलेक्ट्रोडच्या यंत्राला दिले तर ते सुरूच होत नाही, ही चूक खरेदीच्या कागदावरच पकडावी. आरओ किंवा डीएम पाणी तांबे आणि पितळ खाते, म्हणून जोडणी स्टेनलेस स्टील किंवा योग्य प्लॅस्टिकच्या नळीची हवी. टाकीतून बाहेर पडणारे पाणी उकळते असते. ते साध्या पीव्हीसी पाइपात सोडले तर पाइप मऊ होऊन वाकतो, त्यामुळे आधी ते थंड पाणी मिसळून निववावे.

वाफ डक्टमध्ये कुठे सोडावी

आपला प्रवाह सेकंदाला १.४ घनमीटर आहे. डक्ट ७०० गुणिले ४०० मिलिमीटरचा असेल तर वेग ५ मीटर. कॉइल कोरडी असताना पुरवठ्याची हवा १५.२ अंशांवर आणि ६१ टक्क्यांच्या आसपास असते. त्यात एक किलो वाफ घातली तरी ६३ टक्क्यांच्या पुढे जात नाही, त्यामुळे वाफ पटकन मिसळते. पण कॉइल पावसाळी पद्धतीने चालत असेल तर तिच्यातून निघणारी हवा ७.२५ अंशांवर आणि जवळजवळ ८८ टक्के असते. तिला गमावलेले पाणी तिथेच परत द्यायला गेलो तर हवा संपृक्त होऊन डक्टच्या तळाशी पाणी साचते. म्हणून वाफेची नळी कॉइलपासून दूर, रीहीट आणि पंखा यांच्या पुढे घ्यावी. त्यापुढे वळण, डँपर किंवा फिल्टर येण्याआधी उत्पादकाच्या तक्त्यात दिलेले मिसळण्याचे अंतर मोकळे सोडावे. नळीखाली उतार असलेला स्टेनलेस ट्रे आणि ड्रेन द्यावा.

यंत्रापासून डक्टपर्यंतची रबरी नळी शक्य तितकी आखूड, इन्सुलेशन केलेली आणि सतत चढती असावी. मध्ये झोळ पडला की तिथे पाणी साठते, गुडगुड आवाज येतो आणि डक्टमध्ये थेंब उडतात. दोन किलोच्या यंत्रात लांब नळीतले नुकसानही दखल घेण्याजोगे असते, कारण यंत्रच लहान आहे.

डक्टमध्ये वाफेच्या नळीपासून निदान तीन मीटर पुढे वरच्या मर्यादेचा ह्युमिडिस्टॅट लावावा आणि तो ८० टक्क्यांना यंत्र तोडेल असा ठेवावा. त्याच्यासोबत हवेच्या प्रवाहाचा स्विच हवाच. वीज जाऊन आली आणि पंखा बंद असताना ह्युमिडिफायर मात्र सुरू झाला, तर हवा थांबलेल्या डक्टमध्ये रात्रभर वाफ भरते. हे दोन्ही अडसर तारेने जोडलेले असावेत, केवळ सॉफ्टवेअरवर विसंबू नये.

नियंत्रण आणि सेन्सर

खोलीतील सापेक्ष आर्द्रतेवर थेट नियंत्रण ठेवले तर तापमान अर्धा अंश हलले की ह्युमिडिफायर उगाच धावतो. त्याऐवजी खोलीचा किंवा परतीच्या हवेचा दवबिंदू नियंत्रकाला द्यावा. २० अंशांना ४२ टक्के म्हणजे ६.७ अंश दवबिंदू, ४५ म्हणजे ७.७ आणि ४८ म्हणजे ८.७. ह्युमिडिफायरने ७.६ अंश धरून ठेवावे आणि पाणी काढण्याची यंत्रणा ८.३ अंशांच्या वर गेल्याशिवाय सुरू होऊ नये. हे मधले मोकळे अंतर सोडले नाही तर दोन्ही यंत्रे एकमेकांविरुद्ध चालतात. त्याखेरीज ह्युमिडिफायर सुरू असताना रीहीट आणि कॉइलची पावसाळी पद्धत सक्तीने बंद राहील असा इंटरलॉक घालावा. या एका इंटरलॉकने वरचा ५.८ किलोचा भार कागदावरून उतरतो.

चांगल्या सेन्सरची अचूकताही २ टक्के असते, आणि आपली मुभा ३ टक्के. म्हणून खोलीत निदान दोन सेन्सर, पुरवठ्याच्या झोतापासून आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर, कपाटांच्या मधल्या उंचीवर लावावेत. दोघांत २ टक्क्यांहून अधिक फरक पडला तर अलार्म यावा. वर्षातून दोनदा त्यांची तपासणी मिठाच्या संपृक्त द्रावणावर करता येते : झाकणबंद बाटलीत ओलसर, न विरघळलेले मीठ शिल्लक राहील इतपत पाणी घालून सेन्सर वर टांगला की २५ अंशांना आतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मॅग्नेशियम क्लोराइडने ती ३३ टक्क्यांवर येते. आपले ४५ टक्के या दोन्हींच्या मध्ये असल्याने दोन्ही बाटल्या वापराव्यात. सेन्सरला द्रावणाचा स्पर्श होऊ देऊ नये आणि चार-सहा तास तरी थांबावे.

चाचणी कधी घ्यावी

पावसाळ्यात घेतलेली ह्युमिडिफायरची चाचणी निरुपयोगी असते. स्वीकृतीची चाचणी डिसेंबरनंतरच्या कोरड्या आठवड्यात, सलग सात दिवस, पाच मिनिटांच्या नोंदींवर घ्यावी, असे करारातच लिहावे. नोंदीत खोलीचे तापमान आणि दवबिंदू, पुरवठ्याच्या हवेचे तापमान, यंत्राचे उत्पादन टक्क्यांत आणि बाहेरचा दवबिंदू एवढे हवे. आलेखात उत्पादन रोज शून्य आणि शंभर यांच्यामध्ये उड्या मारत असेल तर नियंत्रकाचे गुणांक हळू करावेत. तरीही थांबत नसेल तर यंत्र मोठे आहे. उत्पादन तासन्‌तास शंभरावर अडकलेले आणि दवबिंदू तरी घसरत असेल, तर पुन्हा बादली ठेवावी. बाहेरचा दवबिंदू ७.७ अंशांच्या वर असतानाही यंत्र चालत असेल तर कॉइल ओली आहे किंवा मोठी कोरडी आवक झाली आहे. तिसरे कारण क्वचितच सापडते.

एप्रिलमध्ये बाहेरचा दवबिंदू कायमचा वर चढला की यंत्र बंद करून पाण्याची झडप मिटावी आणि टाकी पूर्ण रिकामी करावी, कारण कोमट, साचलेल्या पाण्यात नोव्हेंबरपर्यंत जंतू वाढत राहतात. नोव्हेंबरात सुरू करताना टाकी दोनदा भरून सोडून द्यावी, कांडीवरचा थर आणि वॉशर पाहावेत, आणि वाफेची नळी डक्टपासून सोडवून पहिला अर्धा तास वाफ खोलीबाहेर सोडावी.